अ‍ॅप म्हणतं १२ ऑक्टोबर, रिपोर्ट म्हणतो २०: तारीख कोणती धरायची?

*माझ्या शेवटच्या पाळीचा पहिला दिवस ५ जानेवारी २०२६. पाळी नेहमीच उशिरा येते; त्याआधीच्या तारखा २२ सप्टेंबर, २६ ऑक्टोबर आणि १ डिसेंबर. मोबाइलवरच्या अ‍ॅपने बाळंतपणाची तारीख १२ ऑक्टोबर दिली. १० मार्चला पहिली सोनोग्राफी झाली. ठोके छान दिसले, पण रिपोर्टात बाळाची लांबी १६ मिलिमीटर, वय ८ आठवडे आणि तारीख २० ऑक्टोबर आली. अ‍ॅपप्रमाणे त्या दिवशी ९ आठवडे १ दिवस भरला होता. बाळाची वाढ आठ दिवस मागे आहे का? सासूबाई नऊ महिने नऊ दिवस मोजून १४ ऑक्टोबर म्हणतात. कोणती तारीख धरू, आणि पुढच्या तपासण्या कशावरून ठरवू?*
*— एक पहिलटकरीण*

२० ऑक्टोबर धरा. तुम्ही कळवलेल्या आकड्यांत वाढ मागे पडल्याची कुठलीच खूण नाही. तुमचं बाळ १० मार्चला जेवढं असायला हवं होतं तेवढंच होतं. त्याचं वय मोजायला अ‍ॅपने सुरुवातच आठवडाभर आधी केली होती. आणि ही गोष्ट तुमच्याच पत्रातल्या पाळीच्या तारखांवरून सिद्ध करता येते, म्हणून आधी तेच करू.

शेवटच्या पाळीवरून तारीख काढायची जी रीत सगळीकडे वापरतात ती जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखली जाते. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, त्यात ७ दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागे जायचं. ५ जानेवारी अधिक ७ म्हणजे १२ जानेवारी, तिथून तीन महिने मागे म्हणजे १२ ऑक्टोबर. दिवसांत सांगायचं तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे बरोबर ४० आठवडे. (महिने कमी-जास्त दिवसांचे असल्यामुळे या दोन रीतींत कधी तीन दिवसांपर्यंत फरक पडतो. पाळी १० मेची असेल तर नेगेलेंच्या रीतीने १७ फेब्रुवारी येते आणि २८० दिवस मोजले तर १४ फेब्रुवारी. दोन अ‍ॅपनी दोन तारखा दिल्या तर पुष्कळदा कारण एवढंच असतं. तुमच्या बाबतीत दोन्ही रीती १२ ऑक्टोबरवरच येतात.)

या रीतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: पाळी दर २८ दिवसांनी येते आणि स्त्रीबीज १४व्या दिवशी बाहेर पडतं. गर्भ खरा राहतो तो स्त्रीबीज बाहेर पडल्यावर. तो दिवस सहसा कुणाला नक्की माहीत नसतो, पाळीचा दिवस मात्र लक्षात राहतो, म्हणून मोजणी पाळीपासून करतात आणि पहिले दोन आठवडे गर्भ नसतानाही हिशेबात धरतात. गर्भ राहिल्यापासून मोजलं तर २८० ऐवजी साधारण २६६ दिवस होतात.

आता तुमची पाळी पाहा. २२ सप्टेंबर ते २६ ऑक्टोबर ३४ दिवस, २६ ऑक्टोबर ते १ डिसेंबर ३६ दिवस, १ डिसेंबर ते ५ जानेवारी ३५ दिवस. सरासरी ३५. पाळीचं चक्र लांबतं ते बहुतेक वेळा पहिल्या भागात, स्त्रीबीज तयार होण्याच्या काळात. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बराचसा ठरलेला असतो, साधारण १४ दिवसांचा. म्हणजे ज्यांचं चक्र २८ दिवसांचं, त्यांचं स्त्रीबीज १४व्या दिवशी बाहेर पडतं. तुमचं २१व्या दिवसाच्या आसपास. गर्भच सात दिवस उशिरा राहिला, तर तारीखही सात दिवस पुढे जायला हवी. १२ ऑक्टोबरमध्ये ते सात दिवस मिळवले की १९ ऑक्टोबर येते. सोनोग्राफी म्हणते २०. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन रीती, एक कॅलेंडरवरची आणि दुसरी मशीनवरची, एका दिवसाच्या फरकाने एकाच जागी आल्या. तारखेचा याहून चांगला ताळा क्वचितच जमतो.

अ‍ॅपमध्ये चक्राचे दिवस भरायची जागा असते का ते एकदा पाहा. बहुतेकांत असते आणि तिथे आधीपासून २८ लिहिलेलं असतं. ३५ घातले की पुष्कळशी अ‍ॅप स्वतःच १९ ऑक्टोबर दाखवतील.

सासूबाईंचा हिशेबही दूरचा नाही. नऊ महिने आणि सात दिवस ही नेगेलेंचीच रीत आहे. आपल्या म्हणण्यात दोन दिवस जास्त आहेत, एवढाच फरक. पण तोही हिशेब पाळीपासून सुरू होतो आणि लांब चक्राची दखल घेत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत अ‍ॅप जिथे चुकलं तिथेच तोही चुकतो.

सोनोग्राफीत ८व्या आठवड्याला जी लांबी मोजतात ती डोक्यापासून बुडापर्यंतची, पाय सोडून. रिपोर्टात तिला सीआरएल म्हटलेलं असेल. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात. आई उंच की बुटकी, तिचं वजन किती, पुढे बाळ मोठं होणार की लहान, याचा त्या वेळच्या लांबीवर फारसा परिणाम होत नाही. म्हणून १६ मिलिमीटर लांबीवरून ८ आठवडे हे वय पाच-सात दिवसांच्या आत नक्की सांगता येतं. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून मात्र प्रत्येक बाळ आपापल्या वळणाने वाढू लागतं आणि मापावरून वय सांगण्यातली चूकही वाढत जाते.

पाळीची तारीख आणि सोनोग्राफीची तारीख यांत थोडा फरक असला तर पाळीचीच कायम ठेवतात. फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला तरच बदलतात. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने घालून दिलेल्या मर्यादा अशा आहेत: पाळीप्रमाणे ९ आठवडे भरायच्या आत सोनोग्राफी झाली असेल तर ५ दिवसांपेक्षा जास्त फरक हवा. ९ आठवडे भरल्यापासून १६ आठवडे भरेपर्यंत ७ दिवसांपेक्षा जास्त. त्यानंतर २२ आठवडे भरेपर्यंत १० दिवसांपेक्षा, २८ भरेपर्यंत १४ दिवसांपेक्षा आणि त्यापुढे २१ दिवसांपेक्षा जास्त. तुमची सोनोग्राफी पाळीप्रमाणे ९ आठवडे १ दिवसाला झाली आणि फरक ८ दिवसांचा आहे. मर्यादा ७ ची, म्हणून तारीख बदलायची. काही ठिकाणी फरक कितीही असो, पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचीच तारीख धरतात. आणि तुमच्या डॉक्टरांनी चक्राचा हिशेब करून १९ लिहिली, तर तीही बरोबरच आहे. एका दिवसाने काहीही बिघडत नाही. फक्त दोन्हींपैकी एकच तारीख फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, ती कशावरून धरली हे शेजारी लिहा, आणि पुढे तीच सगळीकडे चालू द्या.

वाढीची शंका मनातून पुरती जावी म्हणून आणखी एक पडताळा पुढच्या सोनोग्राफीत आपोआप होईल. ७ एप्रिलला तुम्हाला १२ आठवडे भरतात. त्या दिवशी बाळाची लांबी साधारण ५४ मिलिमीटर असायला हवी. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असली तरी चालेल. तेवढी भरली की १० मार्चची तारीख बरोबर होती आणि बाळ आपल्या वेगाने वाढतंय, दोन्ही एकदमच कळेल.

ज्यांची पाळी दर २८ दिवसांनी अगदी नेमाने येते, त्यांच्या बाबतीत हाच आठ दिवसांचा फरक मी इतक्या सहज सोडून देणार नाही. स्त्रीबीज एखाद्या महिन्यात उशिरा बाहेर पडू शकतं, त्यामुळे तारीख तिथेही सोनोग्राफीचीच धरायची. पण आठ-दहा दिवसांनी पुन्हा माप घेऊन वाढीचा वेग पाहिलेला बरा. या काळात लांबी दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणजे आठवड्याभरातही फरक स्पष्ट दिसतो.

पाळीची तारीखच चुकीची सांगितली गेली, असं पुष्कळदा होतं. काही जणी रक्तस्राव थांबला तो दिवस सांगतात. मोजायचा तो सुरू झाला तो दिवस, त्यामुळे तिथेच चार-पाच दिवस हरवतात. त्याहून मोठी चूक असते ती थोड्याशा डागाला पाळी समजण्याची. गर्भ राहिल्यावर दहा ते चौदा दिवसांनी, म्हणजे नेमका पाळी यायच्या सुमाराला, काहींना एक-दोन दिवस अगदी थोडे डाग दिसतात. ती पाळी धरली तर सगळा हिशेब जवळजवळ चार आठवडे पुढे सरकतो. अशा वेळी सोनोग्राफीत बाळ पाळीच्या हिशेबापेक्षा मोठं दिसतं आणि घरचे घाबरतात. खूण सोपी आहे: ती ‘पाळी’ नेहमीपेक्षा खूपच कमी आणि कमी दिवसांची होती का, हे आठवून पाहा. गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच थांबवल्या असतील, किंवा अंगावर पाजत असताना पाळी नियमित सुरू होण्याआधीच दिवस गेले असतील, तर पाळीवरून तारीख काढूच नये. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हाच तिथे आधार.

तुमच्यासारखं लांब चक्र असणाऱ्यांनी आणखी एका बाबतीत सावध राहायला हवं. पाळीप्रमाणे सहा आठवडे झाले म्हणून घाईने सोनोग्राफी केली, तर गर्भाचं खरं वय पाच आठवड्यांच्या आसपास असतं. तेव्हा पडद्यावर नुसती पिशवी दिसते. बाळ नाही, ठोके नाहीत. ‘गर्भ वाढत नाहीये’ असं त्यावरून ठरवणं ही घातक चूक ठरू शकते. बाळाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असूनही ठोके नाहीत, किंवा पिशवीची सरासरी रुंदी २५ मिलिमीटर किंवा जास्त असूनही आत बाळ नाही, असं असेल तरच एका सोनोग्राफीवरून निष्कर्ष काढता येतो. माप त्याहून कमी असेल तर आठवडा-दोन आठवडे थांबून पुन्हा पाहायचं असतं, आणि तोवर गर्भ पाडण्याची कुठलीही गोळी घ्यायची नसते. तुमच्या बाबतीत ही वेळ आली नाही. पण उशिरा पाळी येणाऱ्या बहिणी-मैत्रिणींना हे जरूर सांगून ठेवा.

आता तपासण्या. २० ऑक्टोबर २०२६ मंगळवारी येतो, म्हणून तुमचा आठवडा दर मंगळवारी भरतो. मंगळवार मोजत गेलात की अ‍ॅपची गरज उरत नाही. महिन्यांत मोजू नका. ‘पाचवा महिना लागला’ आणि ‘पाच महिने भरले’ यांत पूर्ण महिन्याचं अंतर आहे, शिवाय चार आठवडे म्हणजे महिना नव्हे; डॉक्टरांशी बोलताना ‘इतके आठवडे, इतके दिवस’ असंच सांगा. आठवडेही भरलेले मोजायचे. १० मार्चला ८ आठवडे भरले म्हणजे नववा चालू झाला, पण फाइलवर ८ लिहितात.

जुनी पद्धत अशी: २८ आठवड्यांपर्यंत दर चार आठवड्यांनी, मग ३६ आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी, त्यानंतर दर आठवड्याला. याचा साचा ब्रिटनच्या आरोग्य खात्याने १९२९ मध्ये घालून दिला होता आणि पुष्कळ ठिकाणी तो अजून चालतो. तुमच्यासाठी त्या तारखा ७ एप्रिल, ५ मे, २ जून, ३० जून, २८ जुलै. मग ११ आणि २५ ऑगस्ट, ८ आणि २२ सप्टेंबर. आणि शेवटी २९ सप्टेंबर, ६, १३ व २० ऑक्टोबर अशा येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये किमान आठ भेटी सांगितल्या: १२ आठवड्यांच्या आत पहिली, मग २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० आठवड्यांना. तुमच्या कॅलेंडरवर ७ एप्रिल, २ जून, १४ जुलै, ११ ऑगस्ट, ८ सप्टेंबर, २२ सप्टेंबर, ६ ऑक्टोबर, २० ऑक्टोबर. कुठली पद्धत वापरायची ते तुमचे डॉक्टर ठरवतील. रक्तदाब, साखर, थायरॉइड असा काही त्रास असेल किंवा जुळी असतील तर भेटी वाढतात. दोन्हींत सुरुवातीला भेटी विरळ आणि शेवटी दाट आहेत, त्यामागे कारण आहे. गरोदरपणात वाढणारा रक्तदाब, वाढ खुंटणं, बाळ आडवं किंवा पायाळू असणं, हे सगळं बहुतांशी शेवटच्या तीन महिन्यांत समोर येतं, आणि रक्तदाब तर एका आठवड्यातही पालटू शकतो.

या भेटींतल्या बऱ्याचशा एखादा आठवडा पुढेमागे झाल्या तरी चालतं. काही तपासण्यांना मात्र ठरलेली खिडकी असते, आणि तारीख चुकीची धरली तर नेमक्या त्याच हुकतात.

पहिली खिडकी मानेमागच्या पाण्याची जाडी पाहणाऱ्या सोनोग्राफीची, जिला सगळे ‘एनटी स्कॅन’ म्हणतात. ती ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्यातच होते, आणि त्यासाठी बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटरच्या दरम्यान लागते. अ‍ॅपच्या तारखेप्रमाणे ही खिडकी २३ मार्चला उघडते. पण तुमच्या बाळाला त्या दिवशी १० आठवडेही भरलेले नसतील, लांबी जेमतेम ३० मिलिमीटर असेल, आणि माप न घेता तुम्हाला परत पाठवतील. २० ऑक्टोबरच्या हिशेबाने खिडकी ३१ मार्च ते २० एप्रिल आहे. ७ किंवा १४ एप्रिलची वेळ घ्या, म्हणजे लांबी निश्चित पुरेशी भरेल आणि बाळ नीट वळलं नाही म्हणून पुन्हा बोलावलं तरी हातात दिवस उरतील. सोबतच्या ‘डबल मार्कर’ रक्तचाचणीचं तर आणखी नाजूक असतं. तिच्यात मोजलेली द्रव्यं दर आठवड्याला बदलतात, आणि अहवाल त्या आठवड्याच्या नेहमीच्या पातळीशी ताडून काढतात. फॉर्मवर वय आठवडाभर चुकलं तर निरोगी बाळालाही ‘धोका जास्त’ असा शेरा येऊ शकतो, किंवा उलट, खरा धोका झाकला जाऊ शकतो. फॉर्म भरताना ‘शेवटची पाळी’ असा रकाना आला की ५ जानेवारी लिहून थांबू नका. शेजारी १० मार्चची लांबी, १६ मिलिमीटर, लिहा आणि तो रिपोर्ट जोडा.

दुसरी खिडकी बाळाचे अवयव तपासणाऱ्या सोनोग्राफीची, १८ ते २२ आठवडे. तुमच्यासाठी १९ मे ते १६ जून, आणि २ जूनची भेट नेमकी मध्यावर येते. फार लवकर गेलं तर हृदयाचे कप्पे पुरेसे स्पष्ट दिसत नाहीत. उशीर झाला तर, काही गंभीर आढळल्यास, पुढच्या तपासण्यांना आणि निर्णयाला वेळ उरत नाही.

तिसरी साखरेची. वारेतून तयार होणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्शुलिनचा प्रभाव २४ आठवड्यांनंतर ठळकपणे कमी होऊ लागतो, म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची चाचणी २४ ते २८ आठवड्यांत करतात. तुमच्यासाठी ३० जून ते २८ जुलै. काही डॉक्टर ती पहिल्या भेटीतही करून घेतात. तेव्हा साखर नॉर्मल आली तरी ही दुसरी चाचणी टाळू नका, कारण ती पाहते ते तेव्हा सुरूच झालेलं नसतं. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाच्या वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर २८ आठवड्यांच्या सुमाराला एक इंजेक्शनही द्यावं लागतं. रक्तगटाचा कागद २८ जुलैच्या भेटीला जवळ ठेवा.

प्रत्येक भेटीत वजन, रक्तदाब, लघवीतलं प्रोटीन आणि बाळाचे ठोके पाहतात. २४ आठवड्यांच्या पुढे टेपने गर्भाशयाची उंचीही मोजतात. तिथे एक सोयीचा योग आहे: सेंटिमीटरमधली उंची जवळपास भरलेल्या आठवड्यांएवढी असते. २८ आठवड्यांना २८ सेंटिमीटरच्या आसपास. तीन सेंटिमीटर किंवा जास्त फरक दिसला तर सोनोग्राफीने वाढ तपासायची. रक्तदाब १४०/९० किंवा जास्त आला तर तो पुन्हा मोजायला लावा, आणि तसाच राहिला तर त्याचं कारण शोधल्याशिवाय घरी परतू नका.

आता अशी एक गोष्ट, जिच्यावर पुढे नक्कीच गोंधळ होईल. सोनोग्राफीचं मशीन प्रत्येक वेळी त्या दिवसाच्या मापांवरून नवं वय आणि नवी तारीख छापतं. समजा २५ ऑगस्टला, तुमचे ३२ आठवडे भरले असताना, सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टात ३० आठवडे २ दिवस, तारीख १ नोव्हेंबर असं आलं. तारीख बदलायची नाही. इतक्या उशिराच्या मापावरून वयात तीन आठवड्यांपर्यंत चूक होऊ शकते, त्यामुळे १२ दिवसांच्या फरकाला तारखेच्या बाबतीत काही अर्थ नाही. पण वाढीच्या बाबतीत त्याला अर्थ आहे. तारीख पक्की असताना बाळ लहान दिसत असेल, तर ते खरोखर लहान आहे का, हे पाहायला हवं. डॉक्टरांना पोटाचा घेर त्या आठवड्याच्या मानाने कितपत आहे, वजन कोणत्या टक्क्यात येतं आणि नाळेतला रक्तप्रवाह कसा आहे, हे विचारा. १ नोव्हेंबर ही नवी तारीख मान्य केली, तर लहान बाळ कागदावर एकदम ‘वयाच्या मानाने ठीक’ होतं आणि अडचण दिसेनाशी होते. तारीख एकदा सुरुवातीला ठरवून पुढे हलवायची नाही, याचं कारण हेच: पुढची सगळी वाढ तिच्याशी ताडून पाहायची असते.

आठ दिवसांची चूक सगळ्यांत महाग पडते ती शेवटी. अ‍ॅपच्या हिशेबाने ३७ आठवडे २१ सप्टेंबरला भरतात. त्या दिवशी कळा सुरू झाल्या तर ‘दिवस भरलेत’ असं सगळे म्हणतील. खरं तर तेव्हा ३५ आठवडे ६ दिवस झालेले असतील, आणि अशा बाळाच्या श्वासाकडे, साखरेकडे आणि दूध ओढण्याकडे जास्त लक्ष लागतं. तसंच ८ सप्टेंबरच्या आधी, म्हणजे ३४ आठवड्यांच्या आत, कळा आल्या तर बाळाची फुप्फुसं पिकण्यासाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं द्यायचा विचार होतो. सगळ्यांनी अ‍ॅपची तारीख धरली असेल, तर तो विचार सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सुटून जाईल. दुसऱ्या टोकालाही हेच. अ‍ॅपप्रमाणे ४१ आठवडे १९ ऑक्टोबरला भरतात, आणि ‘तारीख उलटून आठवडा झाला’ म्हणून कळा आणण्याची औषधं सुरू होतील, जेव्हा खरी तारीख उजाडलेलीही नसेल.

२० ऑक्टोबरलाच बाळ होईल असं मात्र धरू नका. नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात. ३९ आठवडे ते ४० आठवडे ६ दिवस, म्हणजे तुमच्यासाठी १३ ते २६ ऑक्टोबर, हा पुरत्या भरलेल्या दिवसांचा काळ. २७ ऑक्टोबरला ४१ आठवडे भरतात. तोवर बाळंतपण झालं नाही तर त्या दिवशी तपासणीला जायचंच, आणि कळा आणायच्या की लक्ष ठेवत थोडं थांबायचं, हे तेव्हा ठरवायचं. थांबायचं ठरलं तर ठोक्यांचा आलेख आणि गर्भजल आठवड्यातून दोनदा तपासतात. ३ नोव्हेंबरच्या, म्हणजे ४२ आठवड्यांच्या पुढे जाऊ देत नाहीत, कारण त्यानंतर वार थकत जाते आणि बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो.

ठरलेल्या मंगळवारची वाट पाहायची नाही अशा गोष्टी थोड्या आहेत, पण त्या घरातल्या सगळ्यांना माहीत हव्यात. रक्त जाणं, पाणी जाणं, ३७ आठवड्यांच्या आत थांबून थांबून येणाऱ्या कळा, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज. यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, निघा. पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांत, म्हणजे १९ मे ते २ जूनच्या सुमाराला, पहिल्यांदा जाणवते. थोडा उशीर झाला तरी चालतो. २८ आठवड्यांनंतर मात्र तुमच्या बाळाची रोजची लय तुम्हाला कळू लागेल. ती स्पष्ट मंदावली असं वाटलं, तर डाव्या कुशीवर पडून दोन तास हालचालींकडे लक्ष द्या. दहा हालचाली भरल्या नाहीत, किंवा भरल्या तरी मनात खटकत राहिलं, तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच दवाखान्यात जाऊन ठोके तपासून घ्या.